मिरर ग्लेझ : माझा अनुभव

सात इंची मूस केकवर ओतायच्या आरशासारख्या चकचकीत ग्लेझसाठी माझं माप ठरलेलं आहे: साखर १५० ग्रॅम, लिक्विड ग्लुकोज १५०, पाणी ७५, कंडेन्स्ड मिल्क १००, व्हाइट चॉकलेट १५०, जिलेटिन १० ग्रॅम आणि ते भिजवायला ६० ग्रॅम थंड पाणी. कप-चमच्यांचा इथे उपयोग नाही, वजनकाटा हवाच.

साखर, पाणी आणि ग्लुकोज १०३ अंशांवर आलं की गॅस बंद. त्याखाली राहिलं तर पाणी जास्त उरतं आणि ग्लेझ केकवरून ओघळून जातं. मग कंडेन्स्ड मिल्क, नंतर भिजलेलं जिलेटिन. उकळत्या पाकात जिलेटिन घालू नये, त्याची पकड कमी होते. हे सगळं चॉकलेटवर ओतून पाच मिनिटं ठेवते आणि हँड ब्लेंडर फिरवते. ब्लेंडरचं तोंड शेवटपर्यंत बुडलेलं हवं. ते वर आलं की हवा शिरते, आणि तोच बुडबुडा पुढे केकवर टाचणीच्या टोकाएवढा खड्डा होऊन बसतो. गाळून, पृष्ठभागाला चिकटेल अशी क्लिंग फिल्म लावून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलं की उरलेले बुडबुडेही बसतात.

जिलेटिनचा ब्लूम, म्हणजे त्याची ताकद, पाकिटावर बघून घ्या. माझं माप २०० ब्लूमचं आहे. जास्त ताकदीचं तेवढंच घातलं तर थर रबरासारखा होतो आणि कापताना सुरीबरोबर अख्खा ओढला जातो. कमी ताकदीचं असेल तर कडा उघड्या पडतात. कंडेन्स्ड मिल्क कमी पडलं तर खालचा मूस दिसतो. वाढवलं तर ग्लेझ जाड आणि चिकट होतं, चकाकीही मंदावते. अगर-अगर इथे चालत नाही, कारण ते ओतायच्या तापमानाला पोचेपर्यंत भांड्यातच घट्ट व्हायला लागतं.

दुसऱ्या दिवशी ग्लेझ हलकेच गरम करून, ढवळत ३३-३४ अंशांवर आणते. अठ्ठावीसच्या आसपास ते लाटा सोडतं, चाळिशीला थर इतका पातळ बसतो की केक झाकतच नाही. थर्मामीटर नसेल तर गार चमच्याची पाठ बुडवून बघा: झाकली जायला हवी, थेंब सावकाश सुटायला हवा.

केक मात्र उणे १८ अंशांवर रात्रभर गोठलेला हवा. पावसाळ्यात मुंबईसारख्या दमट हवेत तो बाहेर काढताच त्यावर हिमाचा पांढरा थर धरतो. तो तळहाताने पुसून लगेच ओतायचं, नाहीतर ग्लेझ आणि मूस यांच्यात पाणी अडकतं आणि थर सटकतो. जाळीवर ठेवून मध्यापासून कडेकडे, न थांबता, एका दमात ओता. वरून स्पॅच्युला फिरवायचाच असेल तर एकदाच; दुसऱ्यांदा फिरवला की रेघ उमटते, कारण तोवर जिलेटिन धरलेलं असतं.

पाच-दहा मिनिटांनी खालचे थेंब गरम सुरीने कापून केकचा बर्फ फ्रीजमध्ये चार-सहा तास सुटू द्या. ट्रेमध्ये गळलेलं ग्लेझ गाळून डब्यात भरा, फ्रीजरमध्ये महिनाभर टिकतं.