बोडियमच्या दारात अडकलेली दुपार

लंडनचे चार दिवस गर्दीत आणि महागड्या सँडविचमध्ये गेले, त्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही. पाचव्या दिवशी भाचीने ईस्ट ससेक्समधील बोडियमचा किल्ला पाहण्याचे ठरवले. टेंटर्डनहून वाफेच्या इंजिनाच्या जुन्या गाडीने आम्ही तिथे पोहोचलो, तेव्हा दीड तासात किल्ला उरकून चहा घ्यावा असाच आमचा बेत होता. प्रत्यक्षात मी दरवाजाच्या अलीकडेपलीकडेच तीन तास घालवले आणि आतला किल्ला धावत पाहिला.

कारण घडले ते असे. दरवाजाच्या कमानीखाली आमच्यापुढे उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी छतातील भोकांकडे बोट दाखवून आपल्या मुलांना सांगितले, ‘इथून उकळते तेल ओतायचे.’ मुले खूश झाली आणि ते कुटुंब पुढे गेले. मला मात्र राग आला. तेल महाग असते, ते कढवत ठेवायला वेळ आणि सरपण लागते आणि शत्रू काही वेळ सांगून येत नाही. मग ती भोके कशासाठी, हे कळल्याशिवाय मी हलणार नाही असे मी भाचीला सांगितले. ‘मामा, हे काही नगरचा भुईकोट नव्हे,’ असे म्हणून ती हसली. नगरच्या त्या किल्ल्यालाही खंदक आहे आणि त्यावर उचलता पूल होता, हे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. पण पूल का उचलायचा, एवढ्यावरच माझी समज थांबली होती.

बोडियम 1385 मध्ये बांधायला घेतला. सर एडवर्ड डॅलिंग्रिज या सरदाराने राजा दुसरा रिचर्ड याच्याकडून तटबंदीचा परवाना मिळवला होता, कारण फ्रेंच हल्लेखोर किनाऱ्यावरची गावे जाळत होते. 1377 मध्ये राय हे शहर जळाले होते. किल्ला चौकोनी आहे आणि चारही बाजूंनी झऱ्यांच्या पाण्याने भरलेला रुंद खंदक आहे. खंदक म्हणजे शत्रूला बुडवण्याचे साधन, असा माझा समज होता. पण इथले पाणी फार खोल नाही. बऱ्याच ठिकाणी उंच माणूस कसाबसा उभा राहू शकेल. त्याचे खरे काम वेगळे आहे. तटाला भिडवायचा लाकडी मनोरा पाण्यावरून ढकलत नेता येत नाही, दार फोडायचा ओंडका घेऊन धावत येता येत नाही आणि तटाखाली सुरुंग खणू गेले तर तो पाण्याने भरतो. म्हणजे खंदक शत्रूला मारत नाही, तो त्याला एकाच चिंचोळ्या वाटेवर आणतो आणि ती वाट म्हणजे पूल.

आज उत्तरेच्या काठावरून सरळ पूल आहे, त्यामुळे मूळ रचना कळत नाही. खंदकाच्या तळाशी सापडलेल्या जुन्या पुलाच्या खुणांवरून असे दिसते की, आधी माणूस पश्चिमेच्या काठावरून पुलावर चढे, पाण्यातील अष्टकोनी बेटावर येई आणि तिथे काटकोनात वळून दाराकडे जाई. काठावरून बेटाकडे चालताना किल्ला उजव्या हाताला राहतो. ढाल डाव्या हातात असते, त्यामुळे तटावरून येणाऱ्या बाणांना उघडी बाजू मिळते. वळणाचा हेतू आपल्या गोमुखी दरवाजासारखाच आहे, फक्त इथे भिंतीच्या जागी पाणी आहे. या पुलाचे काही टप्पे उचलते होते. टप्पा उचलला की वाट मधेच तुटून पाणी उरे आणि दारासमोर जिथे फळ्या उभ्या केल्या जात, तिथे त्या दारावरचे आणखी एक झाकण होत.

पण उचलत्या पुलाची एक मोठी अडचण आहे, आणि माझ्या मते सगळे कोडे तिथेच सुटते. जड लाकडी पूल साखळ्यांनी आणि रहाटाने ओढायचा तर वेळ लागतो, आणि त्यावर माणसे किंवा गाडी उभी असेल तर तो हलतच नाही. म्हणून पुलाच्या मागे दुसरी गोष्ट हवी, जी क्षणात बंद होईल. ती म्हणजे पोर्टकुलिस, भिंतींतल्या खाचांमधून वर-खाली सरकणारी जाळीची फळी. वरच्या खोलीत रहाटाने ती सावकाश चढवायची आणि वेळ आली की अडसर सोडून द्यायचा. तिचे स्वतःचे वजनच तिला खाली आणते. मधल्या फटींतून आतल्या शिपायांना बाण मारता येतात, हे बंद दाराला जमत नाही. बोडियमला कमानीत वर ओढलेली ओकची मूळ पोर्टकुलिस आजही आहे. तिच्यावर लोखंडाचे पत्रे मारले आहेत आणि टोकांना अणकुच्या आहेत. त्या अणकुच्या आपल्या डोक्यावर आहेत हे लक्षात आल्यावर भाचीनेही हसणे थांबवले.

दरवाजाच्या बोळात अशा तीन पोर्टकुलिस होत्या, म्हणजे पहिली चुकवून आत घुसलेल्यांच्या पुढे दुसरी पडे. पहिलीही मागून पडली तर ती माणसे दोन जाळ्यांमध्ये कोंडली जात. आता छतातील भोकांचा अर्थ लागतो. वरून दगड, बाण किंवा गरम पाणी टाकता येईच, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे साधे पाणी ओतता येई. लाकडी जाळीचा खरा शत्रू आग आहे. शत्रूने तिच्या पायाशी गवत पेटवले, तर वरून पाणी पडले पाहिजे. आणि पाण्याची कमतरता नव्हती, कारण खालीच खंदक होता.

पोर्टकुलिस खाली पडलीच नाही तर काय, हा प्रश्न मला पडला आणि त्याचे उत्तर स्कॉटलंडमधल्या लिन्लिथगोच्या गोष्टीत मिळाले. तिथल्या इंग्रज शिबंदीला विल्यम बनक नावाचा शेतकरी गवत पुरवी. 1313 मध्ये त्याने गवताखाली माणसे लपवलेली गाडी नेली आणि ती नेमकी दाराच्या मधोमध थांबवली. गाडीवर जाळी अडकली, पूल उचलता येईना आणि गवतातले लोक बाहेर पडले, असे सांगतात. तीनही अडथळे एका गाडीने निकामी केले.

बोडियमची कमजोरी मात्र गाडीत नव्हती. खंदकातले पाणी मातीच्या बांधाने अडवलेले आहे; वेढा घालणाऱ्याने तो बांध फोडला असता तर पाणी वाहून गेले असते आणि सगळी शृंखला पहिल्याच दुव्यापाशी तुटली असती. म्हणूनच काही अभ्यासक या किल्ल्याला लढण्यापेक्षा दाखवण्याची वास्तू मानतात. मला ते अर्धेच पटते, कारण शोभेसाठी दाराला तीन जाळ्या कोणी लावणार नाही.

खंदक आज स्वच्छ दिसतो, त्यामागे आपल्या परिचयाचा माणूस आहे. बंगालची फाळणी करणाऱ्या लॉर्ड कर्झनने हा किल्ला 1917 मध्ये विकत घेतला, खंदक उपसून गाळ काढला आणि 1925 मध्ये किल्ला मृत्युपत्राने जुन्या वास्तू जपणाऱ्या ब्रिटनच्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेला दिला. गाळ काढताना नाकावर रुमाल धरावा लागला असेल, कारण किल्ल्यातले अठ्ठावीस शौचकूप याच पाण्यात उघडत. शत्रूला पोहून येण्यापासून परावृत्त करण्यात त्यांचाही वाटा असावा, असे भाचीला सांगितले, तेव्हा तिने चहाचा कप बाजूला ठेवला.

परतीच्या गाडीला वीस मिनिटे होती. तेवढ्यात मी पुन्हा कमानीखाली गेलो आणि दोन्ही भिंतींतल्या रिकाम्या खाचांवरून हात फिरवून पाहिला. ज्या दोन जाळ्या आता नाहीत, त्यांची रुंदी तिथे अजून तशीच आहे.