रिकामा रकाना

माझं नाव सुनीती. बस, इतकंच. हे वाक्य मी आयुष्यात इतक्यांदा बोलले आहे की समोरच्याचा पुढचा प्रश्न मला पाठ आहे. "हो, पण पूर्ण नाव?"

आमच्या अण्णांनी मला शाळेत घालताना आडनाव लावायचं नाही असं ठरवलं. आडनाव कळलं की जात कळते आणि जात कळली की माणूस कळायचा राहतो, असं त्यांचं साधं गणित. हेडमास्तर हटून बसले. रजिस्टरात आडनावाचा रकाना आहे, मग तो मोकळा कसा सोडायचा? शेवटी त्यांनी तिथे एक आडवी रेघ मारली, तेव्हा कुठे दोघांचंही समाधान झालं. ती रेघ पुढे शाळा सोडल्याच्या दाखल्यावरही उतरली.

एका नावावर देशात माझं फारसं अडलं नाही. आधारवर नावाला एकच ओळ असते, तिथे प्रश्नच येत नाही. पॅनकार्डाच्या अर्जात मात्र आडनाव सक्तीचं, आणि सूचना अशी की एकच नाव असेल तर ते आडनावाच्या रकान्यात लिहा, बाकीचे मोकळे सोडा. म्हणजे आयकर खात्याच्या लेखी सुनीती हे माझं आडनाव आहे आणि मला नावच नाही. कर भरणाऱ्याला नाव कशाला हवं, असा त्यांचा विचार असावा.

भाचा न्यू जर्सीला बोलवायला लागला म्हणून २०१८ मध्ये मी पासपोर्टचा अर्ज उघडला. पॅनचा अनुभव गाठीशी होताच, म्हणून सवयीनं आडनावाच्या रकान्यात 'सुनीती' टाइप केलं. पुढे जाऊ देईना. इथे सगळं उलटं निघालं: Given Name सक्तीचं आणि Surname ऐच्छिक. एकच नाव असलेल्यानं ते Given Name मध्ये लिहायचं आणि आडनावाची जागा कोरी ठेवायची. सरकार एकच, पण एका खात्यात मी नुसतं आडनाव आणि दुसऱ्यात नुसतं नाव.

कोरी जागा पाहिली की आपल्या लोकांचा हात शिवशिवतो. कॉलनीतल्या एजंटानं तीन उपाय सुचवले. एक, तिथे टिंब टाका. दोन, 'NA' लिहा. तीन, "बाबांचं नाव टाका ना मॅडम, कोण बघतंय!" पहिल्या दोन उपायांनी माझं आडनाव टिंब किंवा 'ना' झालं असतं, आणि छापलेलं मिटवायला पुन्हा अर्ज, पुन्हा फी. तिसरा उपाय त्याहून फसवा. पासपोर्टवर 'सुनीती अमुक' आणि आधारवर, दाखल्यावर नुसती 'सुनीती' असेल, तर या दोन बायका एकच आहेत हे पटवत फिरायचं माझ्याच नशिबी आलं असतं. मी रकाना कोरा ठेवला.

सेवा केंद्रात ए, बी आणि सी असे तीन काउंटर पार करावे लागतात. ए काउंटरवरच्या मुलानं कागद स्कॅन करता करता माझ्या दाखल्यावर बोट ठेवलं. "मॅडम, इथे ही रेघ आहे. हे आडनाव आहे का?"

"नाही रे बाळा, तो तह आहे," मी म्हटलं. त्याला काही कळलं नाही, पण हसला बिचारा. बी काउंटरवरच्या बाईंनी आधार आणि दाखला शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहिलं. दोन्हीकडे SUNITI, तेच स्पेलिंग. झालं. एका नावाच्या माणसाची सगळी पुंजी तेवढीच असते: प्रत्येक कागदावर एकच नाव आणि तेही एकाच स्पेलिंगचं. कुठे SUNEETI झालं असतं, तर आधाराला धरायला आडनावाची काठीही नव्हती.

पासपोर्ट आला. त्याच्या तळाशी यंत्रानं वाचायच्या दोन ओळी असतात, ४४-४४ अक्षरांच्या. त्यांचे नियम आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या Doc 9303 या दस्तऐवजात आहेत. भाच्यानं तो मला पाठवला आणि मी चक्क वाचून काढला. (निवृत्त बाईकडे वेळ असतो.) त्यात आडनाव आणि नाव हे शब्द मागे ठेवून 'मुख्य ओळख' आणि 'दुय्यम ओळख' अशी वाटणी केली आहे. एकच नाव असेल तर तीच मुख्य ओळख. उदाहरणासाठी त्यांनी युटोपिया नावाचा कल्पित देश घेतला आहे आणि त्यात एक एकनावी गृहस्थ राहतात:

```
P<UTOARKFREITH<<<<<<<<<<<<<<<<<<<<<<<<<<<<<<
```

हे आर्कफ्रीथ मला फार जवळचे वाटले. नावापुढे तीस टोकं, आणि कुणी त्यांना पूर्ण नाव विचारत नाही.

पण नियमात मुख्य ठरलेलं नाव आपल्या पासपोर्टवर छापलं जातं ते Given Name समोर. दुसऱ्या देशाच्या अर्जात मुख्य रकाना आडनावाचा. म्हणून सीमा ओलांडली की नाव उडी मारतं. अमेरिकी व्हिसाच्या अर्जात SUNITI आडनावात गेलं आणि नावाच्या जागी FNU आलं, म्हणजे 'पहिलं नाव अज्ञात'. व्हिसावर तसंच छापून आलं. तिथे भाच्यानं मला एका दवाखान्यात नेलं, तर नर्स दारात येऊन "फनू? फनू?" करत होती. शेजारची म्हातारी मला म्हणाली, किती गोड नाव आहे.

तिकिटाची तऱ्हा आणखी निराळी. बुकिंगमध्ये दोन्ही रकाने भरल्याशिवाय पान हलत नाही. काही विमान कंपन्या FNU लिहायला सांगतात, काही तेच नाव दोनदा लिहायला. अंदाजानं भरू नये, तिकीट काढण्याआधी त्याच कंपनीला विचारावं. मी विचारलं आणि SUNITI SUNITI होऊन उडाले.

मग २०२२ ची दिवाळी सरल्यावर मैत्रिणींनी दुबईचा बेत काढला. पैसे भरले, बॅगा काढल्या आणि बातमी आली: २१ नोव्हेंबरपासून पासपोर्टवर एकच नाव असलेल्यांना पर्यटक म्हणून संयुक्त अरब अमिरातीत प्रवेश नाही. ग्रुपवर फुली मारलेली एकटी मीच. चार दिवस मी अण्णांवर चिडून काढले, आणि ते जाऊन तर अकरा वर्षं झाली होती.

मग खुलासा आला. दुसऱ्या पानावर वडिलांचं किंवा कुटुंबाचं नाव असेल तर चालेल. माझ्या पासपोर्टात हे दुसरं पान म्हणजे अगदी शेवटचं. मी ते उघडलं. अर्जात कुटुंबाच्या माहितीत अण्णांचं नाव त्यांच्या जुन्या कागदांप्रमाणे भरावं लागलं होतं, आणि त्यांच्या कागदांवर त्यांचं आडनाव होतं. माझ्या पहिल्या पानावर पन्नास वर्षं येऊ न दिलेलं ते आडनाव शेवटच्या पानावर त्यांच्याच नावामागे गुपचूप बसलेलं होतं. कोणतं ते सांगत नाही. सांगितलं की तुम्ही लगेच गाव विचाराल.

दुबईच्या काउंटरवरच्या पोरानं पहिलं पान पाहिलं, भुवया उंचावल्या, मग शेवटचं पान उलटलं आणि त्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, "फादर?"

"हो," मी मराठीतच म्हटलं, "आणि त्यांना हे अजिबात आवडलं नसतं."

त्यानं शिक्का मारला.