एक परिच्छेद, दोन अनुवाद आणि समोरच्या खिडकीतली म्हातारी

एम.ए.च्या लघुप्रबंधासाठी मी विषय घेतला होता: अनुवादकाच्या निवडीमुळे कादंबरी बदलते का? कादंबरी ठरली फ्रान्झ काफ्काची ‘द ट्रायल’. काफ्कानं ती १९१४-१५ मध्ये लिहिली, अर्धवट सोडली आणि त्याच्या मृत्यूनंतर, १९२५ मध्ये मित्र माक्स ब्रोडनं ती छापली. इंग्रजीतला पहिला अनुवाद विला आणि एडविन म्युर या दांपत्याचा, १९३७ चा. दुसरा मी घेतला तो ब्रिऑन मिचेल यांचा, १९९८ चा.

सुरुवातीला सगळी कादंबरी शेजारी शेजारी ठेवून वाचायचा माझा बेत होता. मार्गदर्शक मॅडमनी तो पहिल्याच भेटीत मोडून काढला. “एक परिच्छेद घे,” त्या म्हणाल्या, “पण तो इतका बारीक वाच की पुढची कादंबरी त्यातूनच दिसली पाहिजे.” म्हणून पहिलाच परिच्छेद घेतला. नायक योझेफ के. सकाळी अंथरुणात आहे, नाश्ता आणणारी स्वयंपाकीण आलेली नाही, समोरच्या घरातली म्हातारी त्याच्याकडे बघते आहे, तो घंटी वाजवतो आणि एक अनोळखी माणूस आत येतो. एवढंच.

शिवाजी विद्यापीठाच्या खर्डेकर ग्रंथालयात बसून मी मोठ्या वहीत तीन रकाने पाडले. पहिल्यात जर्मन वाक्य आणि त्याखाली शब्दाला शब्द ठेवलेलं ओबडधोबड मराठी, दुसऱ्यात म्युर, तिसऱ्यात मिचेल. माझं जर्मन प्रमाणपत्र परीक्षेपुरतंच, त्यामुळे जर्मन शिकवणाऱ्या सरांकडे प्रत्येक ओळ तपासून घेतली. मग फरक दिसेल तिथं खूण केली आणि प्रत्येक खुणेला एकच प्रश्न विचारला: हा फरक इंग्रजी भाषेनं लादला, मूळ संहितेच्या आवृत्तीमुळे आला, की अनुवादकानं स्वतः निवडला? हा प्रश्न आधी विचारायलाच हवा. म्युर यांच्यासमोर ब्रोडची संहिता होती, मिचेल यांच्यासमोर १९९० ची चिकित्सक आवृत्ती. ब्रोडनं काफ्काची विरामचिन्हं नीटनेटकी केली होती. त्यामुळे स्वल्पविरामाच्या जोरावर म्युर यांना दोष देणं अन्यायाचं ठरलं असतं. तसल्या सगळ्या खुणा मी खोडल्या.

उरलेल्या खुणांपैकी पहिल्याच वाक्यात दोन होत्या. म्युर यांचं वाक्य मराठीत साधारण असं येईल: ‘योझेफ के.बद्दल कुणीतरी खोटंनाटं सांगत असलं पाहिजे, कारण काहीही वाईट केलेलं नसताना त्याला अटक झाली, एके दिवशी सकाळी.’ मिचेल यांचं असं: ‘कुणीतरी योझेफ के.ची बदनामी केली असली पाहिजे, कारण एके सकाळी, खरोखर वाईट असं काही केलेलं नसताना, त्याला अटक झाली.’

म्युर यांनी ‘वन फाइन मॉर्निंग’ म्हणून वाक्य संपवलंय. त्यानं गोष्ट सांगायला बसल्याचा सूर लागतो आणि अटकेचा धक्का वाक्याच्या पोटात विरून जातो. मूळ जर्मन वाक्यात ‘अटक’ हा अगदी शेवटचा शब्द आहे. मराठी वाचकाला हे चटकन उमगतं, कारण आपलं क्रियापदही शेवटीच येतं आणि तोवर काय झालं ते कळत नाही. मिचेल यांनी इंग्रजी वाक्य वळवून अटक शेवटी नेली.

दुसरी खूण त्या ‘खरोखर’वर होती. मिचेल यांचा ‘ट्रूली’ हा शब्द मूळात नाही. जर्मन वाक्यात क्रियापद संकेतार्थी रूपात आहे, ‘केलं असतं’च्या जवळपासचं. मिचेल यांचं म्हणणं असं की त्या रूपात शंकेला जागा आहे: त्यानं काही केलेलं नाही हे लेखक छातीठोकपणे सांगतोय, की के.ला स्वतःला तसं वाटतंय? म्युर यांच्याकडे के. सरळसरळ निर्दोष. मिचेल यांच्याकडे त्यानं काहीतरी केलंय, फक्त ‘खरोखर वाईट’ काही नाही.

मी मिचेल यांच्या बाजूनं पानभर लिहिलं आणि सरांना दाखवलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. “त्या जर्मन शब्दयोजनेनंतर, म्हणजे आपल्या ‘-शिवाय’सारख्या रचनेनंतर, संकेतार्थी रूप सर्रास येतं. व्याकरणाची ती रीतच आहे. त्यातून शंका काढता येते, पण ती काढलीच पाहिजे असं नाही.” म्हणजे म्युर यांनी दार लावून घेतलं आणि मिचेल यांनी ते मूळापेक्षा जास्त उघडलं. इथं भाषेची सक्ती कुठंच नव्हती, दोघांचंही ते वाचन होतं. माझ्या मुद्द्याला यापेक्षा चांगला पुरावा मिळाला नसता.

पण मला सगळ्यात जास्त खिळवून ठेवलं ते म्हातारीनं. काफ्का लिहितो की ती के.कडे तिच्या बाबतीत अगदी नवलाच्या अशा कुतूहलानं बघत होती. मिचेल तसंच ठेवतात. म्युर यांनी लिहिलंय, ‘तिच्या मानानंसुद्धा जास्तच’ कुतूहल. ही दोन वाक्यं मराठीत उतरवून, आधी म्युर यांचं आणि मग मिचेल यांचं, पण कुठलं कुणाचं ते न सांगता, शुक्रवार पेठेतल्या आत्यांना वाचून दाखवली. आत्यांनी इंग्रजी कादंबरी कधी उघडलेली नाही, पण पेठेतल्या खिडक्या त्यांना चांगल्या ठाऊक आहेत. त्या म्हणाल्या, “पहिली म्हातारी रोजचीच हाय गं, तिला दुसरा उद्योगच न्हाई. दुसरीला कायतरी कळलंय. म्हणून बघायला लागलीया.”

म्युर यांच्या जगात गल्लीतली चौकस म्हातारी आज जरा जास्त चौकस आहे. मूळात आणि मिचेल यांच्याकडे, एरवी न डोकावणारी बाई आज डोकावते, म्हणजे के.ला कळायच्या आधी तिला काहीतरी कळलंय. याच प्रकरणात पुढं ती एका तिच्याहून म्हाताऱ्या माणसाला खिडकीशी आणते, मग त्यांच्यामागं तांबूस दाढीचा तिसरा माणूस उभा राहतो. आणि अगदी शेवटी, के.ला मारायला नेतात तेव्हा दूरवरच्या एका खिडकीतून कुणीतरी हात पसरून पुढं झुकतं. पहिल्या खिडकीतलं बघणं सवयीचं मानलं, तर या सगळ्या खिडक्या नुसत्या शेजारपाजार होतात. ते नवं मानलं, तर खटल्याची बातमी सगळ्यांना आहे आणि फक्त आरोपीला नाही, अशी कादंबरी आपण वाचायला लागतो.

‘खरोखर’चंही तसंच पुढंपर्यंत तपासलं. चर्चमधल्या प्रकरणात के. पाद्रीला म्हणतो, मी दोषी नाही, आणि माणूस दोषी असूच कसा शकतो? पाद्री म्हणतो, बरोबर आहे, पण दोषी माणसं असंच बोलतात. म्युर यांच्या वाचकाला हे उत्तर अन्याय वाटतं, कारण के.चं निर्दोषत्व त्यानं पहिल्या वाक्यातच ऐकलेलं असतं. मिचेल यांचा वाचक इथं थबकतो.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, “मग वर्गात शिकवायला कुठला अनुवाद घ्याल?” मी म्हटलं, मिचेल यांचा, खिडकीसाठी आणि शेवटी येणाऱ्या अटकेसाठी. फक्त पहिल्या वाक्यातला ‘ट्रूली’ पेन्सिलीनं कंसात टाकून, आणि तो कुणी घातला ते सांगून.