आमची वाटचाल : पातेलं तेच, पहिली ओळ वेगळी

तांब्या-पितळेच्या भांड्यांचं आमचं दुकान पुण्यात सासऱ्यांनी सुरू केलं. तांबट आळीतून मठारकाम केलेला माल यायचा, आणि रुखवत नि धनत्रयोदशी या दोनच गोष्टींवर वर्ष निघायचं. पुढे स्टीलने घरं व्यापली आणि गिऱ्हाईक आटलं. इन्स्टाग्रामवर आलो ते पुतण्याच्या आग्रहाने. फोटो बरे यायचे, लाइकही मिळायचे, पण त्यातून भांडं किती विकलं जातंय ते कळेना. मग मी लाइक मोजणं सोडून दिलं आणि दोनच आकडे धरले : पोस्ट किती जणांनी सेव्ह केली आणि लिंक दाबून किती जण व्हॉट्सअ‍ॅपवर आले.

मग एकाच भांड्याची पोस्ट दोन वेगवेगळ्या कॅप्शन देऊन एकेक आठवडा टाकायची आणि कुठली चालते ते बघायचं, असं ठरवलं. कॅप्शनमध्ये लिंक टाकली तरी इन्स्टाग्रामवर ती दाबता येत नाही, म्हणून ती बायोमध्ये ठेवावी लागते. कुठल्या पोस्टवरून माणूस आला हे ओळखायला आम्ही लिंकच्या शेवटी एक शब्द जोडला :

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=Patela-K
```

ही लिंक दाबली की व्हॉट्सअ‍ॅप उघडतं आणि निरोपाच्या जागी Patela-K आधीच लिहिलेलं असतं. दुसऱ्या कॅप्शनच्या आठवड्यात शेवटी K ऐवजी D. जे लिंक दाबून निरोप न पाठवता परत गेले ते यात येत नाहीत, पण मला तसेही बोलणारेच हवे होते.

पहिल्यांदा दोन्ही कॅप्शन सारख्याच ठेवून फक्त शेवटची ओळ बदलली. एकीला ३१ सेव्ह, दुसरीला २४. पुतण्या खूश, ‘काकू, पहिली जिंकली!’ पोस्ट दोन्ही वेळा जवळपास सारख्याच लोकांपर्यंत पोहोचली असेल, तर मी एक ढोबळ हिशेब लावते. दोन्ही आकड्यांची बेरीज ५५, तिचं वर्गमूळ साधारण साडेसात, त्याची दुप्पट पंधरा. फरक पंधराच्या आत असेल तर तो नुसत्या योगायोगानेही पडू शकतो. आमचा फरक सातचा होता. म्हणजे जिंकलं कोणीच नव्हतं. शेवटची ओळ वाचायला ‘आणखी’ दाबावं लागतं, आणि तेवढं थोडेच करतात. तेव्हा बदलायची तर पहिली ओळ.

‘क’ कॅप्शनची सुरुवात अशी : ‘पितळी पातेल्यात आमटी चालते का? कल्हई असेल तर चालते. आत पिवळं दिसायला लागलं की नाही.’ खाली कल्हई कशी ओळखायची, चिंच, टोमॅटो, ताक यांचं काय, नवसागर नि कथील वापरून कल्हई कशी करतात, हे सगळं. ‘द’ची सुरुवात : ‘पितळी पातेलं, ३ लिटर, आतून कल्हई केलेलं, ₹ २,४५०.’ आणि मग वजन, घरपोच कधी मिळेल ते. पातेलं तेच, उजेडही तोच, फोटो मात्र दुसऱ्या कोनातून, नाहीतर रोजच्या लोकांना तीच पोस्ट पुन्हा आल्यासारखं वाटतं. वार आणि वेळ एकच, आणि आकडा सातव्या दिवशीच बघायचा, कारण सेव्ह हळूहळू वाढत राहतात.

‘क’ २,१०० जणांपर्यंत गेली : ६३ सेव्ह, १४ निरोप. ‘द’ १,९०० जणांपर्यंत : १९ सेव्ह, ३८ निरोप. म्हणजे शंभरात तीन सेव्ह विरुद्ध एक, आणि निरोपांचं नेमकं उलट. हिशेब लावून पाहिला, दोन्ही फरक योगायोगाच्या पलीकडचे होते. तरी ‘द’चा आठवडा पगाराचा होता ही शंका राहिलीच, म्हणून पुढे तांब्याच्या हंड्यावर क्रम उलटवून ‘द’ आधी टाकली. कल वरच्यासारखाच आला.

सेव्ह करणारी बाई वेगळी आणि किंमत विचारणारी वेगळी. पहिलीच्या घरी बहुधा आजीचं पातेलं माळ्यावर पडलेलं असतं. तिला आत्ता काही घ्यायचं नसतं, कल्हई करून घ्यायची असते. दोघींना एकाच कॅप्शनमध्ये बसवायचा प्रयत्नही करून पाहिला, किंमत दुसऱ्या ओळीत घालून. निरोप थोडे वाढले, सेव्ह निम्म्यावर आले.

आता नेहमीच्या दिवसांत ‘क’सारखं लिहितो आणि दसऱ्यापासून ‘द’सारखं. धनत्रयोदशीच्या आठवड्यात चाचणी घेत नाही, तेव्हा काहीही लिहिलं तरी निरोप येतातच. सेव्ह केलेल्यांतले पुढे किती जण विकत घेतात हे मोजायचं साधन आमच्याकडे नाही. गल्ल्यावर विचारतो, ‘कुठे पाहिलंत?’, आणि वहीत टिपून ठेवतो. त्या वहीमुळेच कल्हईवाल्या भैयांना आता महिन्यातून दोन रविवार दुकानाबाहेर बसवतो, भट्टी त्यांची, जागा आमची.