थकीत रकमेचा आकडा मिळवायला मला बत्तीस दिवस लागले

गृहकर्जाचा हप्ता २४,३०० रुपये, दर महिन्याच्या ५ तारखेला. नवऱ्याचं काम जूनमध्ये सुटलं आणि जून, जुलै, ऑगस्ट असे तीन हप्ते चुकले. कर्जात मी सहकर्जदार, म्हणून पुढची प्रत्येक नोटीस माझ्याही नावाने आली आणि बँकेच्या सगळ्या फेऱ्या मीच मारल्या.

ऑगस्टच्या शेवटी माझ्याकडे तीस हजार रुपये होते. एक हप्ता भरून काय होणार, तिन्ही एकदम भरू, असा विचार करून मी ते बाजूला ठेवले. ही माझी सर्वांत महागात पडलेली चूक. बँक हप्ते मोजत नाही, सर्वांत जुना चुकलेला हप्ता किती दिवस थकलाय ते मोजते. तीस दिवसांपर्यंत पहिली पायरी, साठपर्यंत दुसरी, नव्वदपर्यंत तिसरी, आणि नव्वद ओलांडले की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत कर्ज. भरलेले पैसे साधारणपणे आधी जुन्या थकबाकीकडे वळतात. तेव्हा एकच हप्ता भरला असता तर जूनचा हिशेब मिटला असता, मोजणी ५ जुलैपासून धरली गेली असती आणि मला आणखी एक महिना मिळाला असता. नव्वद दिवसांच्या आत असाल तर हातात असेल तो एक हप्ता आजच भरा.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात खातं एनपीए झालं. १८ तारखेला मी घाईघाईने एक हप्ता भरला आणि सुटलो असं वाटलं. पण एनपीए झाल्यावर हा नियम उलटा होतो. तेव्हा एका हप्त्याने काही होत नाही, मुद्दल आणि व्याजाची सगळी थकबाकी भरल्याशिवाय खातं पुन्हा नियमित होत नाही. आठवड्याभरात कर्ज परत मागणारं पत्र आलं, म्हणजे हप्त्यांची सवलत संपली, सगळं कर्ज एकदम भरा. आणि १७ ऑक्टोबरला सरफेसी कायद्याच्या, म्हणजे कोर्टात न जाता तारण घर ताब्यात घेऊन विकायचा अधिकार बँकेला देणाऱ्या कायद्याच्या, कलम १३(२) ची मागणी नोटीस हातात पडली: २४ लाख ५३ हजार, साठ दिवसांत.

नोटीस वाचून मी रात्रभर जागी होते. दुसऱ्या दिवशी शाखेत गेले तेव्हा डोक्यात एकच प्रश्न होता: थकलेले हप्ते आणि दंड मिळून नेमके किती? ते भरायची आमची तयारी होती. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "मॅडम, खातं आता वसुली विभागाकडे गेलंय, आम्हाला दिसत नाही." वसुली विभाग दुसऱ्या इमारतीत. तिथले साहेब म्हणाले, "पूर्ण रक्कम भरा, थकबाकीचा आकडा आम्ही देत नाही, शाखेत विचारा." शाखेत परत गेले तर कर्ज बघणारे अधिकारी रजेवर. पुढच्या खेपेला ते भेटले, त्यांनी स्क्रीनकडे बघून "साधारण एक लाख असतील" असं सांगितलं. लिहून द्या म्हटलं तर नाही म्हणाले. साधारण एक लाख घेऊन मी कुठे जाणार? पाचशे रुपये कमी पडले तरी थकबाकी शिल्लक राहते आणि खातं एनपीएच राहतं.

पाच फेऱ्या झाल्या आणि प्रत्येक वेळी अर्धा दिवस गेला. साठ दिवसांतले वीस दिवस एका आकड्यापायी गेले, तेही आम्ही पैसे द्यायला तयार असताना. आजही त्या दोन इमारतींमधला रस्ता आठवला की छाती दडपते.

मार्ग सापडला तो नोटिशीच्याच दुसऱ्या पानावर. मागणी नोटिशीवर कर्जदार लेखी हरकत किंवा निवेदन देऊ शकतो आणि बँकेला ते मिळाल्यापासून पंधरा दिवसांत कारणांसह उत्तर द्यावं लागतं. हे कलम १३(३ए). ६ नोव्हेंबरला मी साधं एक पानी पत्र दिलं: नोकरी गेल्याची तारीख, भरलेल्या हप्त्याची पावती, सगळी थकबाकी भरून खातं नियमित करण्याची विनंती, आणि खातेउतारा व थकीत रकमेचा तपशील देण्याची मागणी. एक प्रत स्पीड पोस्टने, दुसरी वसुली विभागात, तिच्यावर शिक्का आणि तारखेसह पोच घेतली. बाराव्या दिवशी, १८ नोव्हेंबरला, उत्तर आलं. हरकत अमान्य होती, पण सोबत उतारा होता: थकीत हप्ते पाच, १,२१,५००, आणि शुल्क धरून एकूण १,३०,४००. वीस दिवस तोंडी विचारून न मिळालेला आकडा एका पत्राने बत्तिसाव्या दिवशी मिळाला.

माझ्या बांगड्या गहाण टाकून आणि दिरांकडून थोडे घेऊन २८ नोव्हेंबरला सगळे भरले. मागणी नोटीस दिल्यावर थकबाकी घेऊन खातं नियमित करायची बँकेवर सक्ती नाही, पण बऱ्याच बँका करतात, आमच्या बँकेनेही केलं. खातं नियमित झाल्याचं आणि नोटीस मागे घेतल्याचं पत्र मात्र मागून घ्या, तोंडी शब्दावर राहू नका.

आमच्या खालच्या मजल्यावरच्या कुटुंबाचे साठ दिवस तसेच गेले. मग दारावर कागद चिकटला आणि दोन वर्तमानपत्रांत, त्यात एक मराठी, सूचना आली. हा प्रतीकात्मक ताबा, घरात माणसं राहतातच. त्यानंतर कलम १४ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने तहसीलदार आणि पोलीस येऊन प्रत्यक्ष ताबा घेतात. ताब्याच्या कारवाईविरुद्ध कर्ज वसुली न्यायाधिकरणात पंचेचाळीस दिवसांत अर्ज करता येतो. नुसत्या मागणी नोटिशीविरुद्ध तिथे जाता येत नाही, म्हणून १३(३ए) चं पत्र चुकवू नका. त्या पत्रात उचललेले मुद्दे पुढे न्यायाधिकरणातही उपयोगी पडतात.

त्यांनी पैसे जमवले, पण लिलावाची जाहिरात छापून आल्यावर. पूर्ण कर्ज फेडून घर सोडवण्याचा कर्जदाराचा हक्क लिलावाची सूचना प्रसिद्ध होताच संपतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केलंय. बँकेने पैसे घ्यायला नकार दिला आणि घर राखीव किमतीच्या जेमतेम वर गेलं. पहिल्या लिलावाआधी तीस दिवसांची सूचना द्यावी लागते, त्यामुळे बरेच लोक समजतात की तीस दिवस अजून हातात आहेत. ते दिवस बोली लावणाऱ्यांसाठी असतात.

एक राहिलंच. हप्ते परवडणारच नाहीत असं दिसत असेल तर घर स्वतः विकायची बोलणी मागणी नोटिशीच्या आधी सुरू करा. नोटीस आल्यावर बँकेच्या लेखी संमतीशिवाय विकता येत नाही. खालच्या काकांकडे जुलैमध्येच गिऱ्हाईक आलं होतं. लिलावात मिळाली त्यापेक्षा चांगली रक्कम देत होतं, पण थोडं थांबू म्हणून त्यांनी त्याला परत पाठवलं.