10²² चा साइन आणि π चे उरलेले अंक

“सर, साइन तर दर 2π ला पुन्हा तोच येतो, मग संख्या प्रचंड झाली की उत्तर का बिघडतं? आणि आधी fmod केलं तरी?”

इंदूरच्या आमच्या शिकवणीत हे विचारणारे बहुतेक जण दोष मोठ्या संख्येला देतात. पण 10²² ही 5²² × 2²² आहे, आणि 5²² हे 52 बिटांत मावत असल्यामुळे ती डबलमध्ये तंतोतंत बसते. तिची शेजारची संख्या मात्र 20,97,152 इतकी दूर असते आणि तेवढ्या अंतरात साइनची तीन लाखांहून अधिक आवर्तने होतात. त्यामुळे ती मोजमापातून आली असेल, तर कोणतेही सॉफ्टवेअर तुम्हाला वाचवणार नाही. फलनाने मात्र दिलेली संख्या अचूक मानायची असते, आणि तिचे उत्तर एकच आहे: −0.8522008497…

fmod चा भागाकार चुकत नाही, भाजक चुकतो. डबलमधील 2π खऱ्या 2π पेक्षा सुमारे 2.45 × 10⁻¹⁶ ने कमी आहे. 10²² मध्ये सुमारे 1.59 × 10²¹ आवर्तने असल्याने ही चूक साचून जवळजवळ 3.9 लाख रेडियन होते. तरीही बाकी 0 ते 2π मध्येच येते, आणि sin² + cos² देखील 1 च भरते, कारण दोन्ही त्याच चुकीच्या कोनावरून काढलेले असतात. म्हणून ही पडताळणी येथे निरुपयोगी आहे. (इंटेलच्या जुन्या fsin आज्ञेची तऱ्हा निराळी: 2⁶³ च्या पलीकडे ती मूळ संख्याच परत ठेवते आणि केवळ एक खूण उभी करते.)

यावरचा उपाय पेन आणि हानेक यांनी 1983 मध्ये मांडला. संख्येला 2/π ने गुणले की पूर्णांक भागाचे फक्त शेवटचे दोन बिट लागतात, कारण ते चतुर्थक सांगतात. त्यावरचे सगळे बिट म्हणजे पूर्ण आवर्तने. आपल्या संख्येत 2²² हा गुणक असल्यामुळे 2/π चे पहिले 20 बिट केवळ चारच्या पटी देतात, म्हणून ते गुणायचेच नाहीत. पुढचे बिट मात्र भरपूर घ्यावे लागतात: काही संख्या π/2 च्या पटीला इतक्या खेटून असतात (डबलमध्ये सर्वांत जवळची सुमारे 4.7 × 10⁻¹⁹ रेडियनवर), की वजाबाकीत 60 च्या आसपास बिट नाहीसे होतात. उरलेल्या अपूर्णांकाला π/2 ने गुणले की लहान कोन मिळतो आणि तो बहुपदीत घालता येतो. सनच्या fdlibm मध्ये यासाठी 2/π चे 1584 बिट साठवलेले आहेत. सुमारे 8.2 लाख रेडियनपर्यंतच्या कोनांसाठी मात्र ते π/2 चे तुकडे करून एकेक वजा करण्याची स्वस्त रीत वापरते.

तुमचे ग्रंथालय तपासायचे असेल तर:

```python
import math
print(math.sin(1e22))
```

वरील दहा अंक जुळले, तर sin च्या आधी लिहिलेली तुमची fmod ची ओळ काढून टाका.