दर अर्ध्या सेकंदाला दोनदा

काम फुटकळ होतं: बोर्ड जिवंत आहे हे कळावं म्हणून एलईडी लुकलुकवायचा. ब्लू पिल बोर्ड, त्यावर STM32F103 मायक्रोकंट्रोलर. मेन लूप मोकळा हवा होता, म्हणून डीलेच्या वाटेला न जाता टायमर २ चा इंटरप्ट घेतला. टायमरचं घड्याळ ७२ मेगाहर्ट्झचं. घड्याळ विभागणाऱ्या PSC रजिस्टरमध्ये ७१९९ भरलं की सेकंदाला १०,००० ठोके पडतात, मोजणीची मर्यादा ठरवणाऱ्या ARR मध्ये ४९९९ भरलं की ५००० ठोक्यांनी, म्हणजे अर्ध्या सेकंदाने, इंटरप्ट येतो. (दोन्हीकडे एक कमी, कारण मोजणी शून्यापासून.) हँडलर दोन ओळींचा, पहिली एलईडीचा बिट उलटवते, दुसरी इंटरप्ट आल्याचा फ्लॅग पुसते:

```c
void TIM2_IRQHandler(void)
{
    GPIOC->ODR ^= (1 << 13);
    TIM2->SR = ~TIM_SR_UIF;
}
```

डीबग बिल्डमध्ये मस्त चाललं. संध्याकाळी ऑप्टिमायझेशनचं `-O2` लावून बिल्ड केलं, तर एलईडी पेटला तो पेटलेलाच. आधी वाटलं, इंटरप्टच येत नाहीये. ब्रेकपॉइंट लावून एकेक ओळ पुढे नेली, तर पठ्ठ्या शहाण्यासारखा विझला. सोडून दिलं की पुन्हा ढिम्म!

तासभर इंटरप्ट सांभाळणाऱ्या NVIC ची आणि क्लॉकची रजिस्टरं तपासण्यात गेला. मग हँडलरच्या सुरुवातीला एक काउंटर टाकला. दहा सेकंदांत २० यायला हवे होते, आले ४०. लॉजिक अ‍ॅनालायझर जोडला तेव्हा खरा प्रकार दिसला. दर अर्ध्या सेकंदाला पिनवर मायक्रोसेकंदाहूनही बारीक पल्स होता. एलईडी विझत होता आणि लगेच पेटत होता, डोळ्याला काय दिसणार!

शेजारच्या टेबलावरचा सहकारी स्क्रीनकडे बघून एवढंच म्हणाला, "फ्लॅग शेवटी का पुसतोयस?"

प्रोसेसर ७२ वर धावतो, पण टायमर २ ज्या बसवर आहे ती ३६ वर. फ्लॅग पुसायची आज्ञा सुटते, राइट बफरात जाते, आणि ती टायमरपर्यंत पोचायच्या आतच हँडलर संपतो. NVIC ला इंटरप्टची रेषा अजून वरच दिसते, म्हणून तो हँडलर पुन्हा बोलावतो. डीबग बिल्डमध्ये कंपायलर शेवटी दोन-चार फालतू सूचना घालत होता, तेवढ्या वेळात फ्लॅग पुसला जायचा. एकेक ओळ चालवताना तर वेळच वेळ.

```c
    TIM2->SR = ~TIM_SR_UIF;
    (void)TIM2->SR;
    GPIOC->ODR ^= (1 << 13);
```

फ्लॅग आधी पुसला आणि तेच रजिस्टर परत वाचलं. वाचन पुरं व्हायला आधीचं लेखन पोचावंच लागतं. आता काउंटर २०.

घरी जाण्याआधी जुना कोड चाळला. तीन हँडलरांत फ्लॅग शेवटीच पुसलेला निघाला. पण तिथे बिट उलटवायचा नव्हता, ठरलेली किंमत लिहायची होती. ती दोनदा लिहिली गेली तरी कुणाला कळलं नसतं.